आमची वाटचाल : दुकानदारांना पाठवायचे एप्रिलचे पत्र

लातूर भागात आमचा जैविक खतांचा छोटा कारखाना आहे. सोयाबीनसाठी द्रवरूप रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरून हवेतले नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू, हे आमचे मुख्य उत्पादन. दर एप्रिलमध्ये आम्ही कृषी सेवा केंद्रांना एक ई-मेल पाठवतो. त्यात माल ठेवण्याच्या अटी असतात आणि शेतकऱ्यांच्या प्रात्यक्षिकाला आम्ही काय मदत करू, तेही असते. आमचा धंदा उभा राहिला तो या पत्राच्या जोरावर. म्हणून वाटचाल सांगताना मशिनरीपेक्षा त्याच्याबद्दलच लिहितो आहे.

आम्ही सुरू केले ते लिग्नाइटच्या भुकटीत जिवाणू मिसळलेल्या पाकिटांपासून. खत नियंत्रण आदेश 1985 चा आहे आणि जैविक खते त्यात 2006 साली आली. त्यानुसार भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी आणि द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. यातला ‘जिवंत’ हा शब्द दुकानदारासाठी फार महत्त्वाचा आहे. डीएपीचे पोते पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडून राहिले तरी त्यातले अन्नद्रव्य उडून जात नाही. जिवाणूंची बाटली त्याच शेडमध्ये मे महिना काढते तेव्हा आतले जीव मरत जातात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. रंग तोच, वास जवळपास तोच, लेबलही शाबूत. गुणवत्ता निरीक्षकाने नमुना घेतला तर अप्रमाणित निघतो आणि दुकानदार व आम्ही दोघेही कारवाईत सापडतो.

खतांच्या व्यापारात माल मार्च-एप्रिलमध्येच दुकानात लोटण्याची पद्धत आहे. लवकर उचला, जास्त उचला, स्कीम घ्या. औसा तालुक्यातल्या एका जुन्या दुकानदार काकांनी आम्हाला सरळ सांगितले, “तुमचा माल मी ठेवतो, पण मृगाच्या तोंडावर द्या. आणि उरला तर न्या. त्या दोन गोष्टी लिहून द्या.” काकांचे बोलणे आमच्या मालाच्या स्वभावाला धरून होते. आजच्या पत्राचा गाभा तोच आहे. त्यातला मुख्य भाग असा :

“सप्रेम नमस्कार. येत्या खरिपासाठी सोयाबीनचे द्रवरूप रायझोबियम आपल्या केंद्रात ठेवावे, ही विनंती. बाटली 300 मिलिची, म्हणजे 30 किलो बियाण्याला, एका एकराला पुरणारी. छापील किंमत 210 रुपये, आपल्याला 150 रुपये. माल जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचवू, त्याआधी नाही. निम्मी रक्कम माल उतरताना, उरलेली दसऱ्यानंतर. न फोडलेल्या बाटल्या 15 ऑगस्टपर्यंत पूर्ण दराने परत घेऊ. आपल्या परवान्यात आमचे उगम प्रमाणपत्र समाविष्ट करण्यासाठी ओ फॉर्म सोबत जोडला आहे. त्याची नोंद झाल्याशिवाय माल पाठवणार नाही. दुसऱ्या कोणत्याही मालाची सक्ती यासोबत नाही.”

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. टंचाईच्या खतासोबत नको असलेला माल गळ्यात मारला जातो, तेव्हा शेतकऱ्याचे बोल दुकानदारालाच ऐकावे लागतात.

आकडे प्रत्यक्षात कसे बसतात ते एका दुकानाच्या उदाहरणाने सांगतो. हंगामात सोयाबीनच्या साधारण 300 बॅगा विकणारे केंद्र. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना 30 बाटल्याच सुचवल्या, म्हणजे दर दहा बॅगांमागे एक. बिल झाले 4,500 रुपयांचे, त्यातले 2,250 माल उतरताना मिळाले. 22 बाटल्या खपल्या, 8 परत आल्या. खपलेल्या मालाचे 3,300 होतात, म्हणून दसऱ्यानंतर त्यांच्याकडून फक्त 1,050 यायचे होते. दुकानाला 1,320 रुपये सुटले. रक्कम मोठी नाही, पण एक रुपयाही अडकला नाही. पुढच्या हंगामाचे बोलणे त्यामुळेच सोपे झाले. परत आलेला माल आम्ही पुन्हा विकत नाही. तो नष्ट करतो आणि त्याचा खर्च किमतीत धरलेला असतो.

पत्राचा दुसरा भाग प्रात्यक्षिकाचा. प्रत्येक केंद्रामागे एका शेतकऱ्याचे एक एकर आम्ही घेतो. जिवाणू, ताडपत्री आणि आमचा माणूस आमच्याकडून. शेतकरी निवडायचा दुकानदाराने. निवडीची अट एकच : शक्यतो त्या शेतात अलीकडे सोयाबीन झालेले नसावे. जिथे वर्षानुवर्षे सोयाबीन आहे, तिथल्या मातीत हे जिवाणू आधीच वस्तीला असतात आणि फरक कमी दिसतो, कधी दिसतही नाही. हे आम्ही पत्रातच लिहितो. शेतकऱ्याला दुकानदार जे सांगेल ते खरे निघाले पाहिजे.

निम्म्या एकरात जिवाणू लावलेले बियाणे आणि निम्म्यात न लावलेले. वाण, तारीख, खत सारखेच. न लावलेले बियाणे आधी पेरायचे, नाहीतर पेरणी यंत्राच्या पेटीत राहिलेले जिवाणू त्यातही जातात आणि तुलनाच बिघडते. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, मग कीटकनाशक, आणि जिवाणू सर्वांत शेवटी. प्रमाण किलोला 10 मिलि. नीट पसरावे म्हणून शेतकरी वर पाणी ओततात, तिथेच घात होतो. सोयाबीनची साल नाजूक. ती फुगते, चोळताना निघते आणि उगवण पडते. मग दोष जिवाणूंवर येतो. म्हणून ताडपत्रीवर बियाणे पसरून हलक्या हाताने खालीवर करायचे, सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे.

खरी परीक्षा पेरणीनंतर साधारण चाळीस दिवसांनी. त्या दिवशी दुकानदाराने गावातले आठ-दहा शेतकरी बोलवावेत, चहापाण्याचा खर्च आमचा. झाड उपटायचे नाही. उपटले की गाठी मातीतच राहतात. कुदळीने मातीच्या गड्ड्यासह काढून बादलीतल्या पाण्यात मुळे हलकेच धुवायची. मग गाठ ब्लेडने कापायची. आतून गुलाबी-लाल असेल तर ती नत्र धरते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर तिचे काम चालू नाही. दोन्ही भागांतली झाडे शेजारी ठेवून शेतकऱ्यांनी स्वतः कापावीत, असा आमचा आग्रह असतो. कुठे गाठी कमी दिसल्या तर आमचा माणूस आधी दोन प्रश्न विचारतो : युरिया किती टाकला आणि पाणी किती दिवस साचले? जमिनीत आयते नत्र मिळाले की झाड गाठी कमी धरते, आणि साचलेल्या पाण्यात मुळांना हवाच मिळत नाही.

ही पाहणी झाली की परतीची तारीख येते. 15 ऑगस्ट ही मर्यादा धरण्याचे कारण रब्बी आहे. सोयाबीनचे रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही; त्याचा जिवाणू वेगळा आहे. खरिपाची उरलेली बाटली दुकानात राहिली तर ऑक्टोबरमध्ये ती हरभऱ्याच्या गिऱ्हाइकाच्या हातात जाऊ शकते. म्हणून आमची गाडी आधी उरलेला माल गोळा करून आणते. हरभऱ्याच्या बाटलीचे झाकण वेगळ्या रंगाचे ठेवले आहे आणि तिचे पत्र सप्टेंबरमध्ये निघते. अटी त्याच, फक्त पोहोच पेरणीच्या आठवडाभर आधी.