पंचेचाळीस की चौपन्न

आमच्या तालुक्याच्या गावी कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे, दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्र असलं सगळं करते. पण जास्त वेळ खाणारं काम म्हणजे जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची टाइप प्रत. मूळ कागद वाचता येत नसला की वकील त्याच्यासोबत टाइप केलेली प्रत जोडतात, आणि ती मूळ कागदाबरहुकूम असावी लागते. म्हणजे कंस आहे तर कंस, चूक आहे तर चूकसुद्धा. हे शेवटचं लोकांना पटवणं अवघड जातं, त्याचीच गोष्ट.

मध्यंतरी एक वकीलसाहेब एका काकांना घेऊन आले. चुलत्याच्या पोरांशी बांधाचा वाद, आणि हातात सातबाऱ्याची झेरॉक्स, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. गट नंबर १४३, लागवडीचं क्षेत्र ३-२०, म्हणजे ३ हेक्टर २० आर, पोटखराबा ०-०८, आकार म्हणजे शेतसारा ६-४०. भोगवटादाराच्या रकान्यात सगळ्यात वर काकांच्या आजोबांचं नाव, कंसात. कंस म्हणजे ते नाव कमी झालेलं. त्यांच्यापुढे पूर्ण ३-२० लिहिलंय, त्यामुळे टाइप करताना कंस सुटला तर जमीन कागदावर दुप्पट होते. खाली चार जण, थोरले, मधले, तिसरे आणि धाकटे. धाकटे म्हणजे काकांचे वडील.

हे रकाने इतके अरुंद असतात ना, की नाव तीन ओळीत, त्याखाली फेरफाराचा, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचा, नंबर गोल करून, आणि शेजारी क्षेत्र अन् आकार चिकटून. कुठला आकडा कुठल्या नावासमोरचा हे पट्टी ठेवूनच बघावं लागतं. मी पट्टी धरून पहिल्यांदा वाचलं ते असं: थोरले १-२०, मधले ०-११, तिसरे ०-६४, धाकटे ०-५४. बेरीज केली तर २-४९. पाहिजे ३-२०. ७१ आर कमी!

आता ७१ हा आकडा काहीच सांगत नाही. एकच आकडा चुकला असेल तर फरक बोलका असतो. १ च्या जागी ९ वाचला की फरकात ८ येतो, ८ किंवा ८०. आकडे उलटे झाले असले तर फरकाला ९ ने भाग जातो. ७१ मध्ये दोन्ही बसेना. मग मी आकाराच्या रकान्याकडे वळले. एकाच गटाची वाटणी झाली की आकार क्षेत्राच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणजे इथे ३२० आरला ६ रुपये ४० पैसे तर एका आरला २ पैसे. मग प्रत्येक ओळ स्वतःपुरती तपासता येते, बेरजेची गरजच नाही.

थोरले १-२०, आकार २-४०, बरोबर. तिसरे ०-६४ ला १-२८, तेही बरोबर. मधल्यांचं मी ०-११ वाचलेलं, त्याला २२ पैसे यायला हवेत आणि कागदावर १-८२. १८२ पैशाचे ९१ आर होतात. भिंग लावून पाहिलं तर पहिल्या आकड्याच्या पोटाची रेघ अगदी पुसट दिसत होती, शाई झेरॉक्समध्ये उडालेली. तो ९ होता, ०-९१. ही चूक माझी, ती मी माझ्या प्रतीत सुधारली.

राहिले धाकटे. ०-५४ ला १-०८ यायला पाहिजे, कागदावर आकार ०-९०. त्या हिशोबाने क्षेत्र ०-४५. आणि ०-४५ धरलं तर चौघांची बेरीज बरोब्बर ३-२०, चारही आकारांची ६-४०. पण यावेळी भिंग कितीही फिरवलं तरी ५ स्वच्छ, ४ स्वच्छ, कागदावर ५४ च आहे. म्हणजे एक चूक माझी ८० आरने कमी, दुसरी कागदाची ९ आरने जास्त, दोन्ही मिळून ७१, म्हणूनच तो आकडा काही बोलत नव्हता. उलटापालट कशी झाली असेल याचा माझा अंदाज असा की कुणीतरी तोंडाने सांगत होतं आणि कुणीतरी लिहीत होतं. आपण मराठीत "पंचेचाळीस" म्हणतो तेव्हा कानावर आधी पाच पडतो, हात आधी ५ लिहून मोकळा होतो.

काका समोरच बसलेले. म्हणाले, "ताई, चोपन्नच आहे ना? मग चोपन्नच टाका." मी म्हटलं, "काका, कागदावर आहे तेच टाकणार, पण शेजारचा नव्वद पैसे आकारपण तसाच टाकणार." खरं सांगते, मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण तो नव्वदचा आकडा त्यांच्या विरोधात जाणार हे मला कळत होतं आणि त्यांना नव्हतं. पण प्रतीत मी ४५ केलं असतं तर तो खोटा उतारा झाला असता, आणि आकार पुसट आहे म्हणून सोडून दिला असता तर तोही खोटाच. वकीलसाहेबांना वेगळ्या कागदावर लिहून दिलं, की बेरीज आणि आकार ०-४५ शी जुळतात, वाटणीचा फेरफार बघा.

आता फेरफार कुठला, तर तिथेही घोळ. चौघांच्या नावाखाली मी आधी २१ आणि ८७ असे दोन नंबर टाइप केलेले. पण फेरफाराचे नंबर गावात ओळीने चढत जातात, आणि याच उताऱ्यावर आजोबांच्या नावाखाली १९४० आहे, इतर अधिकारात सोसायटीच्या बोजाला २३१०. मध्येच २१ आणि ८७ कसे येतील, ते तर कितीतरी आधीचे झाले असते. उजेडात धरून पाहिलं तर दोन्हीभोवती मिळून एकच गोल, अर्धा उडालेला. रकाना अरुंद म्हणून लिहिणाऱ्याने नंबर मोडून खाली घेतला होता. तो २१८७. वकिलांनी २१ नंबरची नक्कल मागितली असती तर भलत्याच कुणाची नोंद हातात आली असती.

आठवड्याने २१८७ ची नक्कल आली, तीही टायपिंगला माझ्याकडेच. गाव नमुना सहाची ती नोंद, वाटणीची, चौघांची क्षेत्रं आकड्यात आणि अक्षरात. धाकट्यांपुढे ०-४५, अक्षरी पंचेचाळीस आर. काकांनी मला ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, "नऊ आर म्हणजे किती गुंठे?" म्हटलं, जवळपास नऊच. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की बांधालगतची ती पट्टी वडिलांनी कधी नांगरलीच नव्हती, आम्हीच सातबारा बघून सरकलो.

वकीलसाहेबांनी त्यांना सांगितलं की लेखनातली चूक कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त होते, आणि ती दुसऱ्या बाजूने काढण्याआधी आपणच काढलेली बरी. पुढे काय करायचं ते त्यांच्या घरात ठरायचंय. माझ्या प्रतीत धाकट्यांच्या नावापुढे अजून ०-५४ आणि ०-९० शेजारी शेजारी आहेत, मूळ कागदावर आहेत तसेच.