बारच्या वेगावरून स्क्वॉटचा भार ठरवताना आलेला माझा अनुभव

चार वर्षे नियमित वजने उचलल्यानंतर माझा स्क्वॉट 140 किलोवर येऊन थांबला होता. कार्यक्रम टक्केवारीवर चालत असे, म्हणजे कमाल भाराच्या 80 टक्के, पाच-पाच रेपचे चार सेट, असा. अडचण अशी होती की एखाद्या दिवशी 112.5 किलो सहज उठत आणि चार दिवसांनी तेच वजन तिसऱ्या रेपला अंगावर येई. कागदावरचे 80 टक्के दोन्ही दिवशी सारखेच असत, पण झोप, आधीच्या सत्राचा थकवा आणि कामाचा ताण यांमुळे त्या दिवसाचा खरा कमाल भार मात्र वेगळा असे. हा फरक सत्राच्या सुरुवातीलाच कळावा, म्हणून मी बारचा वेग मोजायला लागलो. हा अनुभव फक्त स्क्वॉटचा आहे, कारण प्रत्येक व्यायामाचे आकडे वेगळे असतात आणि एकाचे दुसऱ्याला लावता येत नाहीत.

यामागचे तत्त्व सोपे आहे. पूर्ण जोर लावून बार वर ढकलला, तर वजन जितके जास्त तितका वेग कमी होतो, आणि हे नाते बऱ्याच अंशी सरळ रेषेत असते. मी वर येतानाच्या टप्प्याचा सरासरी वेग मोजतो, मीटर प्रति सेकंद या एककात. स्क्वॉटमध्ये कमाल भार साधारण 0.30 च्या आसपास उठतो, बेंच प्रेसमध्ये मात्र 0.16 च्या सुमारास. हे आकडे सरासरीचे आहेत. काही जण फार हळू वर येत असूनही रेप पूर्ण करतात, तर काहींचा बार थोडा मंदावला की तिथेच अडकतो. म्हणून छापील तक्ता न वापरता आपली रेषा आपणच मोजावी, असे मी ठरवले.

माझ्याकडचे यंत्र जमिनीवर ठेवायचे असते. त्यातून निघणारी बारीक दोरी बारला अडकवायची आणि दोरी किती वेगाने बाहेर येते ते पडद्यावर वाचायचे. पहिल्याच दिवशी 60, 80 आणि 100 किलोवर प्रत्येकी तीन रेप मारून सर्वांत वेगवान रेपचे आकडे मी वहीत लिहिले: 0.80, 0.72 आणि 0.63. त्यांवरून रेषा काढून ती 0.30 पर्यंत वाढवली, तेव्हा कमाल भार 177 किलोच्या जवळपास आला. ज्याला 142.5 किलो दोनदा चुकले होते, त्याच्यासाठी हा आकडा उघडच खोटा होता.

चूक यंत्राची नव्हती. माझ्या प्रशिक्षकांनी ती दोन मिनिटांत दाखवून दिली. ते म्हणाले, "शंभर किलोला जेवढा जोर लावता, तेवढाच साठला लावा. आत्ता तुम्ही साठ किलो नुसते वर आणून ठेवलेत." वॉर्म-अपचे वजन निवांतपणे उचलायची सवय अंगात मुरलेली होती. हलक्या वजनांचा वेग मी नकळत दाबून ठेवत होतो, त्यामुळे रेषा चपटी झाली होती, आणि चपटी रेषा 0.30 ला पोहोचेपर्यंत फार लांब जाते. वेग मोजण्याच्या या पद्धतीत ही अट सर्वांत महत्त्वाची आहे: खाली नियंत्रणात जायचे आणि वर येताना प्रत्येक रेप, अगदी रिकाम्या बारचीसुद्धा, शक्य तितक्या जोराने ढकलायची. एरवी आकडा वजनाविषयी काहीच सांगत नाही, फक्त त्या क्षणी आपण किती मनावर घेतले होते एवढेच सांगतो.

तीन दिवसांनी पुन्हा मोजणी केली. दरम्यान प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून यंत्राची जागा बदलली. ते आता बारच्या अगदी खाली असते आणि दोरी दरवेळी बारच्या त्याच खुणेवर बांधली जाते, कारण दोरी तिरकी असली की बार पुढेमागे गेल्याचाही वेगात हिशेब होतो. या वेळी 60 किलोला 1.00, 80 ला 0.83, 100 ला 0.66, 115 ला 0.53 आणि 130 ला 0.40 असे आकडे आले. शेवटी 140 किलोची एक रेप केली, ती 0.31 ने उठली. हिशेब केला तर दर 10 किलोमागे वेग साधारण 0.085 ने, म्हणजे 5 किलोमागे 0.04 ने कमी होत होता. माझा पुढचा सगळा व्यवहार या एका आकड्यावर चालतो.

या रेषेवरून रोजचा कमाल भार भाकीत करायचा मोह होतो. मी तो टाळला. हलक्या वजनांवरून काढलेले स्क्वॉटच्या कमाल भाराचे भाकीत बरेच चुकू शकते, आणि बहुतेक वेळा ते खऱ्यापेक्षा जास्त निघते. रेषेच्या सुरुवातीची थोडीशी चूक टोकाला मोठी होते. त्यापेक्षा एकाच वजनाचा आजचा वेग आणि नेहमीचा वेग यांची तुलना करणे जास्त भरवशाचे वाटते. माझे ते वजन 100 किलो आहे. वॉर्म-अपमध्ये 100 किलोवर तीन रेप करायच्या आणि सर्वांत वेगवान रेप पाहायची. आकडा 0.63 ते 0.69 च्या दरम्यान असेल तर ठरलेले 112.5 किलोच लावायचे, कारण एवढा चढउतार मोजमापात आणि शरीरात रोजच होतो आणि त्यामागे धावण्यात अर्थ नाही. फरक त्यापलीकडे गेला, तर दर 0.04 मागे 5 किलो कमी किंवा जास्त करायचे.

एक सत्र जसेच्या तसे सांगतो. दोन रात्री अपुरी झोप झाली होती. 100 किलोला आकडे आले 0.57, 0.58 आणि 0.56. नेहमीच्या 0.66 पेक्षा सर्वांत वेगवान रेपच 0.08 ने कमी, म्हणजे सुमारे 10 किलोचा फरक. म्हणून 112.5 ऐवजी 102.5 किलो लावले. वेग न मोजता मी त्या दिवशी नक्की 112.5 च लावले असते आणि प्रत्यक्षात ते ताज्या दिवशीच्या 122.5 इतके जड ठरले असते. कमी वजनाचा सेट करताना मनाला थोडे लागते हे मान्य आहे, पण बारवर किती किलो आहेत यापेक्षा ते त्या दिवशी शरीराला किती जड जातात हे सरावाच्या दृष्टीने अधिक खरे आहे.

आता सेट कुठे थांबवायचा हा प्रश्न. त्यासाठी मी 20 टक्के वेगघट ही मर्यादा धरली. सर्वांत वेगवान रेप 0.56 ची असेल, तर त्याचे 80 टक्के म्हणजे सुमारे 0.45, आणि त्याखाली वेग गेला की बार रॅकवर. त्या दिवशीचा पहिला सेट 0.55, 0.56, 0.52, 0.49 आणि 0.44 असा झाला, म्हणून पाच रेपवर थांबलो. दुसरा 0.55, 0.52, 0.48, 0.44 आणि तिसरा 0.54, 0.51, 0.47, 0.44, म्हणजे दोन्ही चार-चार रेपचे. चौथ्या सेटची पहिलीच रेप 0.49 आली, म्हणजे सुरुवातच मर्यादेजवळ झाली, तेव्हा मी बार ठेवून स्क्वॉट तिथेच संपवला. 0.45 ही खालची मर्यादा पहिल्या सेटवरून ठरते आणि सगळ्या सेटना तीच राहते, हे इथे लक्षात घ्यावे. प्रत्येक सेटची मर्यादा त्याच सेटच्या वेगवान रेपवरून काढली, तर थकव्याबरोबर मर्यादाही खाली सरकत जाते आणि तिचा उपयोग उरत नाही. तोल जाऊन एखादी रेप मंद झाली, तर मात्र मी आणखी एक रेप करून पाहतो.

20 टक्केच का, यालाही आधार आहे. फर्नांडो पारेहा-ब्लांको आणि सहकाऱ्यांचा स्क्वॉटवरचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवडे एका गटाने 20 टक्के आणि दुसऱ्याने 40 टक्के वेगघटीपर्यंत सेट केले. 20 टक्क्यांच्या गटाच्या एकूण रेप बऱ्याच कमी होत्या, तरी ताकद दोघांची सारखीच वाढली आणि उडीत पहिला गट पुढे गेला. मांडीच्या स्नायूंची वाढ मात्र 40 टक्क्यांच्या गटात जास्त झाली. मला कमाल भार वाढवायचा होता, म्हणून मी 20 निवडले. मांड्या भरणे हा हेतू असता, तर मर्यादा 30 किंवा त्याहून पुढे नेली असती. स्क्वॉटमध्ये 20 टक्के घट म्हणजे साधारणपणे शक्य असलेल्या रेपच्या निम्म्यावर थांबणे, त्यामुळे सेट सुरुवातीला अपुरे वाटतात आणि ते तसेच असायला हवेत.

पाचव्या आठवड्यात एक विचित्र गोष्ट घडली. सेटच्या शेवटी वेग घटण्याऐवजी जागेवरच राहू लागला: 0.55, 0.54, 0.53, 0.54, 0.53. मी खूश होऊन सातव्या रेपपर्यंत गेलो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय थरथरत होते. यंत्र वेगाबरोबर बारने कापलेले अंतरही दाखवते, ते मी पाहतच नव्हतो. मागची नोंद उघडली तेव्हा पहिल्या रेपला अंतर 61 सेंटिमीटर आणि शेवटच्या रेपला 54 दिसले. थकल्यावर मी सात सेंटिमीटर कमी खाली जात होतो, म्हणजे सर्वांत कठीण भागच टाळत होतो, आणि म्हणून वेग टिकून राहिल्यासारखा दिसत होता. तेव्हापासून दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडलेली रेप मी वेगाच्या हिशेबात धरत नाही, आणि सेटमध्ये तशा दोन रेप झाल्या की वेग कितीही चांगला दिसो, सेट संपवतो.

आठ आठवड्यांनंतर 100 किलोचा ताज्या दिवशीचा वेग 0.73 झाला होता. दोन दिवस विश्रांती घेऊन कमाल भार तपासला, तेव्हा 147.5 किलो 0.30 ने उठले आणि 150 चुकले. त्या आठवड्यात मी रेषा पुन्हा मोजली आणि जुनी वहीतून काढून टाकली. आता तुलनेचे वजन 105 किलो आहे, त्याचा नेहमीचा वेग 0.69, आणि ठरलेला भार 117.5.