पाणी द्यायचं ना

“ताई, बोललेलं सगळं फोनच टाईप करून देतो. त्यातलं ‘म्हणजे’, ‘असं’, ‘काय ते’ काढलं की पोस्ट तयार. मग तुम्हाला दोन-दोन दिवस कशाला लागतात?”

शेतकऱ्यांच्या व्हॉइस नोटवरून मी पोस्ट लिहिते, त्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि या वेळी आपल्या शेतकरी अण्णांची कांदा साठवणीची व्हॉइस नोट समोर ठेवूनच सांगते. तिच्यावरून काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे. फोनने टाईप करून दिलेल्या मजकुराची सुरुवात अशी होती:

‘हां तर ते कांद्याचं विचारलं होतं ना तुम्ही तर कसंय काढायच्या आधी पाणी तोडायचं म्हणजे असं पंधरा दिवस आधी म्हणजे जमीन हलकी असेल तर पंधरा काळी असेल तर तीन आठवडे आणि मग पाणी द्यायचं ना अजिबात ना एकदा तोडलं की तोडलं मग माना पडल्या निम्म्या माना पडल्या की काढायचा आणि शेतातच वाळवायचा तीन दिवस चार दिवस पाच पसरून असं उघडा ठेवला ऊन लागलं ना की गेला मग मान कापताना एक इंच म्हणजे नाही दीड इंच दोन बोटं ठेवायची’

आता यातले ‘ना’ काढून टाका. ‘पाणी द्यायचं ना अजिबात ना’ यातून काय उरतं? ‘पाणी द्यायचं.’ अण्णा ‘नाही’ला ‘नाय’ म्हणतात, तेही शेवटचा ‘य’ गिळून. फोनला तो ‘ना’ ऐकू आला. आणि वाक्याच्या शेवटी आलेला ‘ना’ आपण डोळे झाकून कापतो, कारण दहातल्या नऊ वेळा तो नुसता हुंकार असतो. इथे तो सगळ्या वाक्याचा नकार आहे. काढणीच्या तोंडावर पाणी दिलं तर कांद्याची मान ओली राहते, नीट मिटत नाही आणि कांदा साठवायच्या चाळीत सड बहुतेक तिथूनच सुरू होते. म्हणजे एक अक्षर कापलं की अण्णांच्या नावावर अण्णांच्या म्हणण्याच्या नेमका उलटा सल्ला जातो.

म्हणून मी आधी वाचत नाही, ऐकते. टाईप झालेला मजकूर समोर उघडा ठेवून, आवाजाची गती थोडी कमी करून, माणूस जिथे थांबतो तिथे ओळ तोडत जाते. पहिल्या फेरीत एकही शब्द काढत नाही, फक्त ओळी तोडते. थांबे कळले की अर्धं काम झालं. ‘तीन दिवस चार दिवस पाच पसरून’ हे वाचणारा कुणीही ‘तीन ते पाच दिवस पसरून’ असंच लिहील. वाक्य छान होतं, संशयही येत नाही. पण आवाजात अण्णा ‘चार दिवस’नंतर चांगले थांबलेत आणि मग म्हणालेत, ‘पात पसरून’. एका ओळीतल्या कांद्यावर पुढच्या ओळीची पात येईल असा कांदा पसरायचा, म्हणजे पात वाळते आणि कांदा उन्हात भाजत नाही. त्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच होती, आणि ‘पाच’मध्ये ती गुपचूप नाहीशी होणार होती. आकड्यांच्या शेजारी आकड्यासारखा दिसणारा शब्द आला की मी तो भाग पुन्हा ऐकते. वाचताना अडवणारे धडधडीत चुकीचे शब्द कुणालाही सापडतात. धोका असतो तो बरोबर वाटणाऱ्या चुकीच्या शब्दाचा.

मग ‘म्हणजे’. याचा तुम्ही इतका राग करता, तर त्याचं नीट सांगते. या एवढ्याशा मजकुरात तो तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा वेगळं काम करतोय. पहिला नुसता श्वास आहे, काढला तरी काही बिघडत नाही. दुसऱ्यानं अट आणली आहे: पंधरा दिवस सगळ्यांना लागू नाहीत, हलक्या जमिनीला आहेत. तिसरा ‘म्हणजे’ दुरुस्ती आहे: एक इंच नाही, दीड. मी प्रत्येक ‘म्हणजे’च्या अलीकडचं आणि पलीकडचं वाचते. दोन्हीकडे तेच असेल तर जास्त नेमकं ते ठेवते. पलीकडे अट असेल तर दोन्ही ठेवते. माणसानं स्वतःला सुधारलं असेल तर पहिला आकडा पूर्ण पुसते. ‘एक ते दीड इंच’ असं लिहून मधला मार्ग काढत नाही, कारण तसं तो म्हणालेलाच नसतो.

पुनरुक्तीचंही तसंच. पुढे चाळीच्या भागात अण्णा म्हणतात, ‘चार फूट ठेवायची चार फूटच चार फुटाच्या वर नाही जायचं’. वाचताना वाटतं, एकच गोष्ट जोर देऊन तीनदा सांगितली आहे. मलाही खात्री नव्हती म्हणून फोन केला. ते म्हणाले, “अगं, रुंदी चार फूट. आणि थर पण चार फुटाच्या वर नको. दोन गोष्टी आहेत.” रुंदी वाढली तर मधल्या कांद्याला हवा लागत नाही, थर वाढला तर खालचा कांदा दबतो. या फोनला पाच मिनिटं लागली, पण अण्णा शेतातून परत येईपर्यंत थांबावं लागलं. तुम्ही म्हणता ते दोन दिवस असे जातात. नुसतं लिहायला माझा तासही जात नाही.

सहा मिनिटांच्या त्या बोलण्यातून काढणीपुरतं शेवटी एवढंच उरलं:

‘साठवणीचा रब्बी कांदा काढण्याआधी पाणी तोडा. हलकी जमीन असेल तर १५ दिवस आधी, काळी असेल तर ३ आठवडे आधी. एकदा तोडल्यावर पुन्हा पाणी देऊ नका. निम्म्या माना पडल्या की कांदा काढा आणि पातीसकट ३-४ दिवस शेतातच वाळवा. एका ओळीच्या कांद्यावर दुसऱ्या ओळीची पात येईल असा पसरा, कांदा उघड्यावर उन्हात नको. पात कापताना दीड इंच, म्हणजे दोन बोटं मान ठेवा.’

यात एक ‘म्हणजे’ राहिलाच आहे. मुद्दाम ठेवलाय. शेतात टेप घेऊन कुणी जात नाही, बोटं सगळ्यांकडे असतात.

आता जे झालं ते. साठवणीच्या भागात अण्णा पुन्हा पुन्हा ‘माझ्याकडं तरी’ म्हणत होते. ‘माझ्याकडं तरी दिवाळीच्या तोंडापर्यंत राहिला.’ ‘माझी चाळ मोकळ्यावर आहे ना, माझ्याकडं तरी.’ ‘आता माझ्याकडं खालून दोन फूट मोकळं आहे, म्हणून माझ्याकडं तरी.’ पोस्टमध्ये मी ते सगळे ‘माझ्याकडं तरी’ काढले, पण त्यांच्यामागची कारणं ठेवली: चाळ मोकळ्या जागेत, आजूबाजूला भिंत किंवा झाड नाही, खालून दोन फूट हवा खेळती, आणि अशा चाळीत अण्णांचा कांदा दिवाळीच्या सुमारापर्यंत टिकला. वाक्य लांब झालं होतं. तरी ठेवलं.

ती पोस्ट एका कार्यालयातून पुढे गेली आणि जाताना कुणीतरी ती आणखी ‘सुटसुटीत’ केली. कारणं गेली, ‘अण्णांचा’ गेला, ‘टिकला’चं ‘टिकतो’ झालं. ‘या पद्धतीने कांदा दिवाळीपर्यंत टिकतो.’ खाली अण्णांचं नाव आणि गाव.

शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याची चाळ गोठ्याच्या भिंतीला टेकून होती. एक बाजू पूर्ण बंद. त्यानं माना मोजून कापल्या, पात पसरून वाळवला, थर चार फुटांचाच ठेवला, सगळं केलं. पावसाळ्यात भिंतीकडचा कांदा सडला आणि मग वास चाळभर पसरला. तो अण्णांच्या ओट्यावर आला तेव्हा मी तिथेच होते. आवाज चढवला नाही त्यानं. फोन पुढे केला आणि म्हणाला, “हे तुम्हीच सांगितलंय ना? वाचा.” अण्णांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “मी असं बोललो नव्हतो.” तो म्हणाला, “खाली नाव तर तुमचं आहे.” अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या फोनमध्ये मूळ पोस्ट होती, मी ती दाखवलीही. त्यानं वाचली आणि म्हणाला, “ताई, ही माझ्यापर्यंत आलीच नाही.” यावर काय बोलणार? अण्णांनी त्याला चहा दिला. त्यानंतर तो पूर्ण हंगाम त्यांनी एकही नोट पाठवली नाही. मी विचारलं की म्हणायचे, “माझं बोलणं माझ्यापाशीच बरं.”

माझी पोस्ट बरोबर होती, हे मी अजूनही म्हणते. पण कापाकापी करणाऱ्या त्या माणसाशी मी नंतर फोनवर भांडले तेव्हा तो म्हणाला, “लांब वाक्य लोक वाचत नाहीत, ताई.” तो खोटं बोलत नव्हता. या कामाला लागले तेव्हा मीसुद्धा हेच म्हणायचे. बोलणं पसरट, लिहिणं आटोपशीर; ‘साधारण’, ‘बहुतेक’, ‘माझ्या मते’ हे सगळे बोलण्याचे टेकू आणि लिहिताना टेकू काढायचे. तेव्हाच्या मला आज उत्तर द्यायचं तर मी विचारेन की ‘माझ्याकडं तरी’ हा टेकू आहे हे ठरवलं कुणी? अण्णांच्या लेखी ती मर्यादा होती. आपण किती जबाबदारी घेतोय हे ते दर वाक्याला सांगत होते. पण तेव्हाची मी उलट विचारेल की सगळे ‘माझ्याकडं तरी’ ठेवलेली पोस्ट त्या गोठेवाल्यानं तरी शेवटपर्यंत वाचली असती का? याला माझ्याकडे उत्तर नाही.

सध्या मी एवढं करते. अट आणि सल्ला एकाच वाक्यात बांधते, अट आधी आणि सल्ला नंतर, म्हणजे कुणी शेपूट कापलं तर सल्लाच जाईल, अट राहील. ‘चाळ चारी बाजूंनी मोकळी असेल तरच’ असं वाक्य सुरू केलं की पुढचं कापणाऱ्याला निदान थांबावं लागतं. आणि पोस्ट पाठवण्याआधी बोलणाऱ्याला फोनवर वाचून दाखवते, कारण डोळ्यांनी वाचून ‘बरोबर आहे’ म्हणणारी माणसं कानांनी ऐकलं की मध्येच अडवतात.

अण्णा या हंगामापासून पुन्हा नोट पाठवायला लागलेत. आता भांडण त्यांच्याशी आहे. त्यांना ‘माझ्याकडं’ दर ओळीत हवं, मी म्हणते सुरुवातीला एकदा ठळक लिहू. परवाची लसणाची पोस्ट याच्यावरच अडून आहे, म्हणून ती तुमच्यापर्यंत अजून आलेली नाही.