मांजर आणि बिल्ली

गुरुवार, रात्र

आज काकू रडल्या. लकव्यानंतर हिंदीतच बोलू लागलेले, माझ्याकडे वाचा-उपचार घेणारे काका आतल्या खोलीत होते. काकू दारात उभं राहून हळूच म्हणाल्या, "ताई, माह्याशी काहून हिंदीत बोलतेत थे? पन्नास वर्षांचा संसार हाय. मले वळखत नाही का?"

ओळखतात. मी सोमवारीच पाहिलं होतं. काकूंनी "चष्मा द्या" म्हटलं की काका डाव्या हाताने चष्मा उचलून देतात. त्यांना मराठी समजतं, फक्त तोंडातून निघत नाही. लकवा उजव्या बाजूला, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात. सी.टी.च्या रिपोर्टप्रमाणे ती खोलवर, बेसल गँगलिया नावाच्या, सवयीच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागाच्या आसपास आहे. आज सात आठवडे झाले.

काकांचं घर वऱ्हाडी. हिंदी त्यांनी विशीत, रेल्वेच्या नोकरीत लागल्यावर उचलली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, आणि तेव्हापासून हिंदी बाजारापुरतीच. रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1880च्या दशकात मांडलेला नियम सांगतो की आधी शिकलेली भाषा आधी परतते. पित्र या फ्रेंच डॉक्टरने 1895 मध्ये म्हटलं, आजारापूर्वी जी रोजच्या वापरात होती ती. काकांच्या बाबतीत दोन्ही नियमांचं उत्तर मराठी येतं, आणि काका हिंदी बोलतात.

चाचणीची चित्रं निवडायलाच माझी एक संध्याकाळ गेली. मराठी आणि हिंदीत अर्धे शब्द सारखेच, आणि नागपुरात तर घरातही चाबी नि कैची म्हणतात. काका 'चाबी' म्हणाले तर ती हिंदी की आपलंच घरचं मराठी? तकियाचं कार्डही काढून टाकलं, कारण तक्क्या मराठीतही आहे. शेवटी मांजर, झाड, बोट, डोळा, पाऊस, ससा अशी वीस उरली, जिथे दोन्ही भाषांचे शब्द अगदी वेगळे. सोमवारी मी फक्त मराठीत बोलले. काल माझ्या हिंदीभाषक सहकारी मैत्रिणीने फक्त हिंदीत तीच वीस चित्रं दाखवली. दोन्ही भाषा येणारी व्यक्ती समोर बसली की रुग्ण सोपी वाट धरतो, आणि खरं काय ते कळत नाही. ऐकून चित्रावर बोट ठेवणं: मराठीत 18, हिंदीत 19. नाव सांगणं: मराठीत 5, हिंदीत 14. दुसऱ्या खेपेला चित्रं ओळखीची झालेली असतात, त्यामुळे पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवायचा.

मला 1990च्या दशकातल्या इटलीच्या त्या बाई आठवत होत्या. जन्मभर व्हेनेतो बोली बोललेल्या, प्रमाण इटालियन क्वचितच वापरणाऱ्या. बेसल गँगलियाच्या इजेनंतर त्यांची बोली जास्त बिघडली आणि इटालियन बरी राहिली. याचं एक स्पष्टीकरण असं देतात की मातृभाषा सवयीने, विचार न करता धावते आणि तिला हे खोलवरचं केंद्र लागतं. नंतर जाणीवपूर्वक शिकलेली भाषा वेगळ्या स्मृतीवर जास्त टेकते. मला वाटलं, काकांचं तेच.

पण त्या बाईंना बोलीत अनुवाद करणंही जड जात होतं. म्हणून आज काकांना अनुवादच विचारला. मांजराच्या चित्रावर "बिल्ली" आलं. मराठीत? ओठ हलले, मान हलली, डोळ्यांत पाणी. मी चित्र पालथं ठेवलं आणि म्हटलं, "हिंदीत बिल्ली. आपल्या मराठीत काय?" काका सरळ म्हणाले, "मांजर."

वीसपैकी तेरा असे आले. शब्द पुसलेला नाही, आपणहून बोलताना तो दबतोय. 1982 मध्ये मोरोक्कोतल्या एका फ्रेंच ननबद्दल लिहिलेलं होतं. ती नर्सही होती, फ्रेंच नि अरबी बोलणारी. एखाद्या दिवशी जी भाषा तिला आपणहून बोलता येत नसे, त्याच भाषेत ती अनुवाद मात्र करायची. तिथेही भाषा शाबूत होती, निवडीचा ताबा सुटला होता. काकांचं मला आता याच्या जवळचं वाटतं.

हॉस्पिटलचाही हात असेल. तीन आठवडे वॉर्डात शेजारचा पेशंट बालाघाटचा, पलीकडचा छिंदवाड्याचा, आयाबाई हिंदी बोलणाऱ्या. पहिले शब्द जिथे फुटले तिथे कानावर हिंदीच होती. इजा किती आणि वॉर्ड किती, हे एका रुग्णावरून वेगळं काढता येणार नाही.

सगळ्यात राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. कुणीतरी घरच्यांना सांगून ठेवलं होतं की आता एकच भाषा ठेवा, येतेय ती, दोन केल्या तर गोंधळेल. म्हणून काकू महिनाभर काकांशी तोडकं हिंदी बोलत होत्या! समजणारी मराठी कानावरून काढून घेतली, तर तोंडात यायला तिला वाव कुठला?

निघताना काकूंना कार्डं दिली. मागे हिंदी शब्द मोठ्या अक्षरांत. त्यांनी तो वाचायचा, काकांनी मराठीत सांगायचा, रोज दहा, जेवणानंतर. शब्द पटकन यायला लागले की हिंदी शब्द सोडायचा, फक्त चित्र. बाकी दिवसभर मराठीच. हिंदीत उत्तर आलं तर टोकायचं नाही.

काकूंनी तिथेच पहिलं कार्ड उचललं. "पेड."

काकांनी खिडकीतून बाहेर कडुलिंबाकडे पाहिलं. बराच वेळ. "झाड," म्हणाले, आणि मग स्वतःहून, "झाड हाय."