ऑफिसच्या ग्रुपला टायमर लावताना

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सीए फर्ममध्ये मी ऑफिस सांभाळते. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लायंटचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट सगळं यायचं. "डिसअपिअरिंग मेसेज चालू करा, प्रश्न मिटला," असं सरांचं म्हणणं. मी म्हटलं, आधी करून बघू.

एका बनावट कार्डाचा फोटो टाकला, टायमर 24 तासांचा. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून फोटो गेला. पण ज्यांच्या फोनवर ऑटो-डाउनलोड चालू होतं, त्यांच्या गॅलरीत तो तसाच होता. एका आर्टिकलने, म्हणजे सीए होण्यासाठी आमच्याकडे उमेदवारी करणाऱ्या मुलाने, तो स्वतःच्या दुसऱ्या चॅटला फॉरवर्ड केला होता, तिथेही होता. म्हणजे जे जायला हवं तेच उरलं.

उलट बाजू जास्त धोक्याची वाटली. वागळे इस्टेटमधल्या एका क्लायंटने "हो, एवढं आयटीसी रिव्हर्स करा", म्हणजे जीएसटीत घेतलेलं एवढं क्रेडिट परत करा, असं मेसेजवरच कळवलं होतं आणि आर्टिकलने ते ग्रुपवर टाकलं होतं. सात दिवसांचा टायमर असता तर आठव्या दिवशी ते दिसलं नसतं. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षीच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायची असतात. नोटीस आली की असा होकारच आधी शोधावा लागतो.

म्हणून ठरवलं ते असं. कागद ग्रुपवर नाहीत, ऑफिसच्या ड्राइव्हवर क्लायंटच्या फोल्डरमध्ये. ग्रुपवर फक्त फाइल नंबर आणि काम कुठवर आलं तेवढंच. होकार मेसेजवर आला तर त्याच दिवशी क्लायंटला ईमेल जातो, "आपण आज कळवल्याप्रमाणे अमुक रक्कम रिव्हर्स करत आहोत", आणि त्याचं उत्तर फोल्डरमध्ये. टायमर 90 दिवसांचा ठेवला आणि तो बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला दिला. नाहीतर ग्रुपमधला कोणीही तो बदलू शकतो.

नोटीस आल्यावर काय, यावर बराच वेळ गेला. तेव्हा टायमर बंद केला तरी आधीचे मेसेज टिकत नाहीत, ते ठरलेल्या वेळी जातातच. मुदत संपायच्या आत एकेक मेसेज दाबून धरून 'ठेवा' करावा लागतो, आणि पाठवणाऱ्याने नकार दिला तर तोही जातो. त्यामुळे नोटीस आली की त्याच दिवशी त्या फाइलचे मेसेज फोल्डरमध्ये उतरवायचे, तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसेल असे.

क्लायंट मात्र अजूनही आधारचा फोटो थेट आर्टिकलच्या नंबरवर पाठवतात. तो ड्राइव्हवर चढवायचा, फोनमधून आणि गॅलरीतून पुसायचा आणि पुढच्या वेळेसाठी त्यांना अपलोडची लिंक द्यायची, असं सध्या चाललं आहे. सोडून जाणाऱ्या आर्टिकलच्या शेवटच्या दिवशी मी त्याच्याबरोबर बसून त्याची गॅलरीही तपासते.