पावतीवर बॅच नंबर नव्हता: बनावट औषधाच्या तक्रारीचा माझा अनुभव

गावाकडची शेती भाऊ करतो, मी मुंबईत पॅकेजिंगच्या छपाईत काम करतो. गेल्या हंगामात टोमॅटोवरच्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी त्याने क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससीच्या ६० मिलीच्या चार बाटल्या आणल्या. एकरी ६० मिली लागतं, म्हणजे दोन एकरांच्या दोन फवारण्या. पहिली बाटली उघडताना आतलं चंदेरी सील बोट लावताच अख्खं निघून आलं. शंका आली म्हणून त्याने बाकीच्या तिन्ही बाटल्या तशाच ठेवल्या आणि मला फोटो पाठवले. पुढचं सगळं त्या तीन न उघडलेल्या बाटल्यांमुळेच शक्य झालं.

सीलचं कारण आधी सांगतो. कारखान्यात हे सील उष्णतेने बाटलीच्या तोंडाला चिकटवतात. ते काढायला टोचावं किंवा ओढावं लागतं, आणि काढल्यावर कडेला त्याचे थोडे तुकडे राहतात. गोंदाने लावलेलं सील सबंध निघतं, खाली चिकट ओघळ दिसतो आणि बहुतेकदा त्याला सुरकुत्या असतात. बाटली दुसऱ्यांदा भरलेली असेल तर झाकणाच्या आट्यांमध्ये जुन्या औषधाचा वाळलेला थर सापडतो. हे बघताना हातमोजे घाला आणि वास घेऊन बघायच्या फंदात अजिबात पडू नका. वासावरून काहीही सिद्ध होत नाही.

शनिवारी रात्रीच्या एसटीने गावी गेलो आणि लेबल भिंगाखाली धरलं. माझ्या कामाची नजर इथे उपयोगी पडली. खऱ्या लेबलावरची बारीक अक्षरं सहसा एकाच काळ्या शाईत, भरीव आणि स्वच्छ कडांची असतात. खरं लेबल स्कॅन करून पुन्हा छापलं की तीच अक्षरं निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची बनतात आणि कडेला रंगीत झालर दिसते. आमच्या बाटल्यांवर विषबाधेवरच्या उपायाच्या ओळी अशाच ठिपक्यांच्या होत्या. मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन फोटो मोठा केला तरी हे दिसतं.

बॅच नंबर आणि तारखा हा दुसरा पुरावा. लेबल आधी छापलं जातं. बॅच, उत्पादनाची तारीख आणि मुदत नंतर, बाटली भरताना मशीनने उमटते. त्यामुळे खऱ्या बाटल्यांवर ती ओळ कधी किंचित वर, कधी तिरकी पडते आणि अक्षरंही वेगळ्या वळणाची असतात. आमच्या चारही बाटल्यांवर ती केसभरसुद्धा हललेली नव्हती, कारण ती लेबलाबरोबरच छापलेली होती. मात्र सावध राहा: तारखा मारण्याचं मशीन बनावट माल करणाऱ्यांकडेही असू शकतं, आणि खऱ्या कंपनीची छपाईही कधी पुसट येते. ही लक्षणं शंकेपुरती आहेत. औषधात काय आहे ते प्रयोगशाळाच सांगते.

नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना, विषारीपणाचा हिरवा त्रिकोण, सगळं लेबलावर बरोबर होतं. असणारच, ते खऱ्यावरूनच उचललेलं होतं. म्हणून लेबलावर परवाना क्रमांक आहे एवढ्यावर समाधान मानू नका. दुकानदाराचा स्वतःचा विक्री परवाना पाहा आणि त्यात त्या कंपनीची नोंद आहे का ते विचारा. ही नोंद कंपनी आपला माल विकायला दुकानदाराला जे उगम प्रमाणपत्र देते, त्यावरून होते.

आता जिथे अडलो ते. भावाकडची पावती साधी होती: ‘औषध ४ नग’, खाली रक्कम आणि सही. औषधाचं पूर्ण नाव नाही, कंपनी नाही, बॅच नाही, मुदत नाही. दुकानदार शांतपणे म्हणाला, “दादा, या बाटल्या माझ्याकडच्या कशावरून?” भावाकडे उत्तर नव्हतं.

मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात बाटल्या टेबलावर ठेवल्या. मला वाटलं होतं, साहेब त्या तपासणीला पाठवतील. त्यांनी हातही लावला नाही. कायद्याला चालणारा नमुना कीटकनाशक निरीक्षकाने स्वतः, विक्रेत्याच्या साठ्यातून, बंद मालातून घ्यावा लागतो. त्याचे तीन भाग करून सील करतात: एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला, एक न्यायालयासाठी राखून. शेतकऱ्याने आणलेल्या बाटलीत मधे काय मिसळलं गेलं याची कोणी खात्री देऊ शकत नाही. हा नियम योग्यच आहे, हे मला मान्य आहे. पण “मग दुकानात जाऊन नमुना घ्या” म्हटल्यावर उत्तर आलं, “कोणत्या बॅचचा? पावतीवर नाही.” पुढच्या खेपेला निरीक्षक दौऱ्यावर होते. त्यापुढच्या खेपेला अर्ज दुसऱ्या टेबलावर गेल्याचं कळलं. मुंबईहून प्रत्येक वेळी एक रजा आणि दोन रात्री जात होत्या, आणि तोवर दुकानातला माल विकला जात होता. तो माल दुसऱ्या कोणाच्या पिकावर पडत असेल, हे मला जास्त खुपत होतं.

गाठ सुटली ती कंपनीच्या लेखी उत्तराने. बाटलीवरच्या फोन नंबरवर मी फोन केला नाही, कारण बनावट लेबलावरचा नंबरही बनावट असू शकतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून पत्ता घेऊन ईमेल केला. सोबत लेबलाच्या चारही बाजूंचे फोटो, बॅचचा जवळून काढलेला फोटो, सीलचा फोटो आणि भावाने मोबाइलवरून दुकानदाराला केलेल्या पेमेंटची नोंद जोडली. नवव्या दिवशी उत्तर आलं: या क्रमांकाची बॅच आम्ही काढलेली नाही. ते पत्र, पेमेंटची नोंद आणि बॅच नंबर ठळक लिहिलेला नवा अर्ज दिला आणि त्याची पोच शिक्क्यासह घेतली. पहिल्या अर्जाची पोच घेतली नव्हती, म्हणून तो टेबलांमध्ये फिरत राहिला. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

त्या आठवड्यात निरीक्षक दुकानात गेले. साठा नोंदवहीत त्या बॅचच्या खरेदीची नोंद नव्हती, फळीवर मात्र तिच्या बंद बाटल्या होत्या. त्यांतून नमुना घेतला. विश्लेषकाने ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल आला तेव्हा ‘अप्रमाणित’ हा शब्द मी तीनदा वाचला. क्रियाशील घटक १८.५ टक्क्यांच्या जवळपासही नव्हता. खूप मोकळं वाटलं.

बियाण्याचं आता आठवलं. तिथे बॅचऐवजी लॉट नंबर असतो आणि तो पावतीवर तितकाच हवा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, सत्यप्रत बियाण्याचं लेबल हिरवं. त्यावर उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख आणि वैधता बघा. तारखेवर चिकटपट्टी असेल तर पिशवी परत करा. पिशवी खालच्या बाजूने फोडा, म्हणजे टॅग आणि शिलाई शाबूत राहते, आणि मूठभर बी पावतीसोबत कापणीपर्यंत ठेवा. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला, म्हणजे एचटीबीटीला, आपल्याकडे परवानगीच नाही. ते पाकीट कितीही चकचकीत असलं तरी त्याची कायदेशीर पावती मिळू शकत नाही.

भाऊ आता दुकानातच बाटलीवरचा बॅच नंबर आणि पावतीवरचा नंबर शेजारी धरून फोटो काढतो. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपात ओततो आणि बाटलीच्या बुडाला भोक पाडतो, कारण भोक पाडलेली बाटली पुन्हा कोणी भरू शकत नाही.