गो-अराउंड लॉग, भाग ७ : तीनशे फुटांचं भूत सापडलं

मंडळी, आधी माफी. भाग ५ मध्ये मी ठासून लिहिलं होतं की पावसाळ्यात मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर वैमानिक DA च्या, म्हणजे उतरायचं की नाही हे ठरवण्याच्या उंचीच्या, बरेच आधी हार मानतात, पाचशे-साडेपाचशे फुटांवरच उतरणं सोडून वर निघतात, म्हणजे गो-अराउंड करतात. ते साफ चूक होतं. हार मी मानायला हवी होती, आणि तीही अँटेनावर पकडलेल्या विमानांच्या सिग्नलमधून उंची काढणाऱ्या माझ्या स्क्रिप्टपुढे.

भूत सापडलं ते गो-अराउंड बघताना नाही, तर नीट उतरलेल्या विमानांमुळे. गेल्या आठवड्यात झड लागली होती आणि करायला काही नव्हतं, म्हणून उतरलेल्यांचे ट्रॅक तपासत बसलो. तीन अंशांच्या ग्लाइडस्लोपवर तीन सागरी मैल बाहेर विमान थ्रेशोल्डपेक्षा साधारण हजार फूट वर असतं. धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस फूट, म्हणजे आकडा १०४० च्या आसपास यायला हवा. माझ्याकडे येत होता १३२५. एकाचा नाही, ओळीने सगळ्यांचा. सगळीच विमानं ग्लाइडस्लोपच्या पावणेतीनशे फूट वरून येऊन बरोबर जागी टेकतात, हे शक्य नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. ट्रान्सपॉन्डर जी बॅरो उंची पाठवतो ती नेहमी १०१३.२५ च्या मानक दाबावर मोजलेली असते. कॉकपिटात वैमानिकाने QNH, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला तिथला हवेचा दाब, काय लावला आहे याच्याशी तिचा संबंध नाही. मी ही स्क्रिप्ट डिसेंबरात तपासली होती. तेव्हा मुंबईचा QNH १०१३ च्या आगेमागेच असतो, त्यामुळे सगळं चोख दिसलं. पावसाळ्यात तोच १००३ वर येतो. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट धरा, म्हणजे दहाला पावणेतीनशे. दुरुस्ती एका ओळीची:

```python
alt_qnh = alt_baro + (qnh - 1013.25) * 27.3
```

उपग्रहांवरून काढलेली `alt_geom` उंची का वापरत नाही, असं भाग ५ खाली दोघातिघांनी विचारलं होतं. वापरून पाहिलं. ती उंची समुद्रसपाटीपासून नसून लंबवर्तुळापासूनची असते, आणि आपल्याकडे समुद्रसपाटी त्या लंबवर्तुळाच्या साठेक मीटर खाली आहे. परिणामी माझी विमानं धावपट्टीवर टेकतात तेव्हा समुद्रसपाटीच्याही दीडशे फूट खालून धावत असतात. ती दुरुस्तीही करता येते, पण QNH विमानतळाच्या हवामान-अहवालातून, म्हणजे मेटारमधून, आयताच मिळतो.

आता खरी मजा. नवी ओळ घालून जुना डेटा पुन्हा चालवला, आणि ज्या एका संध्याकाळीने मला महिनाभर छळलं होतं ती उलगडली. मेटारमध्ये होतं `1200 R27/1100D +RA BKN008 Q1003`. कॅट वन या साध्या ILS अप्रोचला RVR, म्हणजे धावपट्टीवरची दृश्यता, किमान ५५० मीटर आणि DH, म्हणजे धावपट्टीपासून मोजलेली निर्णयाची उंची, किमान २०० फूट लागते. RVR त्याच्या दुप्पट, ढगाचा तळ आठशे फुटांवर. कागदावर सगळ्यांनी उतरायला हवं होतं. चाळीस मिनिटांत चार गो-अराउंड.

जुन्या आकड्यांत चौघांचे सर्वांत खालचे बिंदू ५०० ते १३०० पर्यंत कसेही विखुरलेले दिसत होते. दुरुस्तीनंतर त्यांचे दोन स्वच्छ गट पडले. दोघांचा तळ २२० आणि २४५ फूट. २७ साठी DA साधारण २४० धरला, तर हे अगदी उंबरठ्यावरचे. वैमानिकाने ठरवल्यावरही विमान वीस-तीस फूट खचतंच. उरलेल्या दोघांचा तळ ८७० आणि १०२०.

वरच्या दोघांचं कारण ढगात नव्हतंच. १०२० वाल्याच्या पुढचं विमान अजून धावपट्टीवर रेंगाळत होतं. ओल्या पृष्ठभागावर ब्रेक हळू लागतात, बाहेर पडायला वेळ जातो आणि मागच्याचं अंतर संपतं. ८७० वाल्याचा जमिनीवरचा वेग काही सेकंदांत वीस नॉट हलला. मेटारमध्ये झोतही होते, म्हणजे वारा कातरला असणार आणि अप्रोच स्थिर राहिला नसणार. ढगात असताना हजार फुटांपर्यंत अप्रोच स्थिर हवा हा रूढ नियम, त्यामुळे त्या उंचीजवळची गो-अराउंड बहुधा अशीच असतात.

खालच्या दोघांचं काय? RVR ११०० असताना २४० फुटांवर दिवे का दिसले नाहीत? इथे मी दोन दिवस अडकलो होतो. उत्तर त्या `R27/1100D` मध्येच होतं. मेटारमधला RVR हा दहा मिनिटांची सरासरी असतो. टॉवर वैमानिकाला देतो तो एका मिनिटाचा. तीन-चार मिनिटांची एखादी जोरदार सर टचडाउनवरून गेली की मिनिटाचा आकडा कोसळतो, आणि दहा मिनिटांची सरासरी मात्र नुसती थोडी झुकते. शेवटचा `D` तेवढंच सांगतो: घसरतोय. शिवाय हजार फूट ओलांडल्यावर RVR किमान मर्यादेखाली गेला तरी DA पर्यंत येऊन पाहण्याची मुभा असते. म्हणून ही मंडळी शेवटपर्यंत आली, पाहिलं, आणि गेली.

आणि RVR मोजला जातो तो धावपट्टीलगत, आडवा, माणसाच्या उंचीपेक्षा थोडा वर. वैमानिक बघतो तिरकस, दोनशे फुटांवरून, वाहत्या काचेतून, ढगाच्या लोंबत्या चिंध्यांखालून. `BKN008` म्हटलं तरी पावसात तळ सपाट नसतो. आणि एक गैरसमज माझाही होता: ढगाचा तळ म्हणजे मिनिमा, म्हणजे उतरण्याची किमान मर्यादा, नव्हे. ILS अप्रोच सुरू ठेवता येतो की नाही हे RVR ठरवतो. ढग फक्त DA वर दिवे दिसतील का ते ठरवतो.

मधेच उपकरणाची रड. अँटेनाच्या जोडात पाणी शिरलं आणि रेंज दीडशे मैलांवरून तीसवर आली. १०९० मेगाहर्ट्झला पाऊस जवळजवळ काहीच करत नाही. पाऊस पडला की रेंज पडते असं दिसलं तर हवेला नाही, जोडाला दोष द्या. विक्रेत्याने ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दिलेल्या टोपीला मी आता टोपीच म्हणतो. आपोआप चिकटणारी रबर टेप गुंडाळली, वर साधी इन्सुलेशन टेप, आणि केबलला खाली एक लोंबता वळसा दिला. तेव्हापासून कोरडं.

भाग ८ मध्ये मेटारवरून डायव्हर्जनचा, म्हणजे विमानं दुसऱ्या विमानतळाकडे कधी वळतील याचा, अंदाज बांधणार होतो. तो बेत आत्ता लिहितालिहिताच बदलला. त्या संध्याकाळी २२० वरून परतलेलं विमान पंचवीस मिनिटं होल्डमध्ये घिरट्या घालत फिरलं आणि अहमदाबादला गेलं. त्याच्या मागोमाग आलेलं विमान त्याच पावसात, होल्ड न करता उतरलं. हवा दोघांना सारखीच होती, वेगळं होतं इंधन. पर्यायी विमानतळापर्यंतचं, अधिक तिथे अर्धा तास फिरण्याचं राखीव, एवढ्यावर टाकी आली की वैमानिकाला निघावंच लागतं, मग पाच मिनिटांत सर ओसरणार असली तरी. म्हणजे मिनिमाखाली गेलेला RVR विमानांना थेट पळवून लावत नाही. तो रांग लांबवतो, आणि रांग इंधन खाते.

तेव्हा मेटार बाजूला. होल्डचे वळसे मोजणारा कोड लिहायला घेतला आहे. वळसा ओळखायला हेडिंगची बेरीज ३६० झाली की एक, असं धरलंय, पण ATC रडारवरून वळवतो तेव्हाही बेरीज फसवते. कुणी हे सोडवलं असेल तर सांगा. आणि भाग ३ ते ६ मधले उंचीचे सगळे आकडे, त्या त्या दिवसाचा QNH लावल्याशिवाय, कुणी वापरू नका.